धरणगावच्या माळ्यावरची काळी बाटली : बुडाचा व्रण, खांद्यावरची रेघ आणि बुडबुडे यांवरून काय ठरवता येते?

बोरीकाठ

धरणगाव येथील माझ्या आजोळच्या घराचा माळा उतरवताना धान्याच्या रिकाम्या कोठीमागे एक जाड काचेची बाटली मिळाली. तिची उंची सुमारे २६ सेंमी आहे. घरात ठेवली की ती काळी दिसते आणि उन्हात धरली की गडद शेवाळी हिरवी. तिच्यावर एकही अक्षर किंवा चिन्ह नाही. घर जुने आहे एवढेच घरातले लोक सांगतात. बांधकामाच्या वर्षाचा कागद कोणाकडे नाही.

मला जे दिसले ते लिहिते. बूड आतल्या बाजूला बरेच खोल गेलेले आहे, त्यात अंगठ्याचे पहिले पेर सहज बसते आणि त्या खळग्याच्या माथ्यावर एक खरखरीत वर्तुळ बोटाला लागते. बाटलीचे सरळ अंग जिथे संपते आणि खांदा सुरू होतो तिथे सभोवार एक बारीक उंचवटा आहे, परंतु त्याच्या खाली अंगावर उभी रेघ कुठेही नाही. काचेत बुडबुडे पुष्कळ आहेत आणि मानेतील बुडबुडे लांबट आहेत.

आमच्याकडे सर्वांचे मत असे पडले की एवढे बुडबुडे आहेत म्हणजे बाटली फारच जुनी असणार. हे कितपत खरे मानावे? बाटली विकायची नाही. तिच्यासोबत एक चिठ्ठी लिहून ठेवायची आहे आणि त्या चिठ्ठीत चुकीचे वर्ष जाऊ नये, एवढीच इच्छा आहे.

सातपुडा_पायथा

ताई, जुन्या बाटल्या पाहण्याचा मला अनेक वर्षांचा छंद आहे. यासाठी एक सोपा नियम आहे. साच्याच्या सांध्याची उभी रेघ बुडापासून जितकी वर जाते तितकी बाटली नवी. रेघ ओठावरून पार गेली असेल तर बाटली यंत्रावरची, मानेत थांबली असेल तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची, खांद्यावर थांबली असेल तर त्याहून आधीची. तुमच्या बाटलीच्या अंगावर रेघच नाही, म्हणजे ती साच्याविना, मोकळी फुंकून घडवलेली आहे. बुडबुडेही तेच सांगतात. माझ्या मते ती अठराव्या शतकातील आहे.

भट्टीकाका

सातपुडाभाऊंच्या नियमातील पहिला भाग बरोबर आहे. रेघ ओठाच्या माथ्यावरून पलीकडे जात असेल तर ओठसुद्धा साच्यातच तयार झाला असे समजावे, आणि तसे काम प्रामुख्याने यंत्राचे असते. पुढचा भाग मात्र मला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते हाताने काच घडवण्याच्या कामात अनेक वर्षे घालवलेला माणूस म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

दोन फाळ्यांच्या साच्यातून निघालेल्या बाटलीची रेघ मानेतही असतेच. त्यानंतर कारागीर ओठ घडवण्यासाठी मान पुन्हा तापवतो आणि हत्यार तोंडात घालून गोल फिरवतो. जेवढा भाग मऊ झालेला असतो आणि जेवढ्या भागावर हत्यार घासते, तेवढ्या भागातील रेघ पुसली जाते. एकाच दिवशी, एकाच साच्यातून, एकाच माणसाने काढलेल्या दोन बाटल्यांत ही रेघ वेगवेगळ्या उंचीवर थांबू शकते. त्यामुळे मानेतील रेघेची उंची मोजून दशके ठरवू नयेत.

दुसरा मुद्दा असा की अंगावर रेघ नाही म्हणजे साचा नाही, असे होत नाही. खालून बंद आणि वरून उघडा असा एकसंध साचा असतो. त्यात काच उतरवून फुंकली की अंगावर सांधा उमटण्याचे कारणच उरत नाही, कारण साच्याला त्या भागात सांधाच नसतो. ताईंनी सांगितलेला खांद्यावरचा उंचवटा हा माझ्या दृष्टीने या बाटलीवरील सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे. मोकळ्या फुंकलेल्या बाटलीवर तो येणार नाही.

तो दोन प्रकारे येऊ शकतो. पहिल्या प्रकारात फक्त अंग साच्यात घडते आणि साच्याच्या काठावर काच बाहेर निघते तिथे थोडी कड राहते. खांदा आणि मान कारागीर हाताने, अंदाजाने घडवतो. ही पद्धत अठराव्या शतकात होती आणि नंतरही चालू राहिली. दुसऱ्या प्रकारात अंगाच्या एकसंध साच्यावर खांद्यासाठी दोन उघडमीट करणारे फाळे बसवलेले असतात. ब्रिस्टलच्या रिकेट्स यांनी अशा तीन भागांच्या साच्याचे पेटंट १८२१ मध्ये घेतले. त्या बाटलीवर आडवी रेघ तर येतेच, पण त्या रेघेपासून निघून खांद्यावरून मानेकडे जाणाऱ्या दोन उभ्या रेघाही येतात आणि त्या एकमेकींच्या अगदी समोरासमोर असतात.

ताईंनी आता एवढे करावे. रात्री खोलीतील दिवे बंद करून मोबाईलची बॅटरी खांद्याला जवळपास टेकवून प्रकाश काचेवर आडवा पाडावा आणि बाटली हळूहळू फिरवावी. समोरून प्रकाश टाकला तर ही रेघ दिसत नाही. आडव्या प्रकाशात तिची सावली पडते. त्याशिवाय अंगाभोवती दोरा गुंडाळून बुडाजवळचा, मधला आणि खांद्याखालचा असा तीन ठिकाणचा घेर मोजावा. एकसंध साच्यातून बाटली वर ओढून काढावी लागते, म्हणून तिचा घेर खाली किंचित कमी आणि वर जास्त असावाच लागतो. हा फरक डोळ्यांना कळत नाही, दोऱ्याला कळतो.

बुडातील वर्तुळाविषयी सांगायचे तर ती पाँटिलची खूण असावी असे वर्णनावरून वाटते. बाटली फुंकली जाते तेव्हा तिचे तोंड फुंकनळीला जोडलेले असते. ओठ घडवायचा तर नळी तोडून बाजूला करावी लागते, आणि त्या वेळी लालबुंद बाटली कशाने तरी धरावी लागते. पाँटिल ही त्यासाठी बुडाला तात्पुरती चिकटवलेली लोखंडी सळई. काम झाले की सळईला हलका ठोका देऊन ती सोडवतात आणि जिथे ती चिकटली होती तिथे व्रण राहतो. सळईच्या टोकाला नुसता काचेचा गोळा असेल तर व्रण धारदार, फुटक्या काचेसारखा असतो. गोळा आधी वाळूत बुडवला असेल तर तो कमी चिकटतो, बूड फुटण्याची भीती कमी होते आणि मागे खडबडीत कणांचे वर्तुळ उरते. गडद रंगाच्या जाड इंग्लिश बाटल्यांवर ही वाळूची खूण नेहमी आढळते. भिंगातून पाहिल्यावर तिथे पांढरट कण रुतलेले दिसतात की लालसर काळा थर दिसतो, ते कळवावे. तसा थर असेल तर थेट लोखंड टेकवलेले होते असा अर्थ होतो आणि ती पद्धत साधारण १८४० च्या दशकाच्या मध्यापासून पुढची आहे.

बुडबुड्यांना मी सर्वांत शेवटचे स्थान देतो. वाळू, सोडा आणि चुना वितळताना त्यांतून वायू सुटतो. काच पुरेशी तापली आणि पुरेसा वेळ भट्टीत राहिली तर तो वर येऊन निघून जातो, नाहीतर अडकतो. म्हणजे बुडबुडा भट्टी आणि घाई यांविषयी सांगतो, वर्षाविषयी नाही. आजही हातकामाच्या काचेत बुडबुडे असतात आणि शोभेच्या वस्तूंत ते मुद्दाम सोडले जातात. त्यांच्या आकाराचा मात्र उपयोग होतो. मऊ काच ज्या दिशेला ताणली गेली त्या दिशेला बुडबुडा लांबतो. मानेत ते उभे लांबले आहेत म्हणजे मान ओढून काढलेली आहे, एवढे त्यावरून खात्रीने म्हणता येते.

यावलची_लेक

आमच्या यावलच्या वाड्यात दिवाणखान्याच्या खिडक्यांना जुन्या काचा आहेत आणि त्यांतही असेच लांबट बुडबुडे आहेत. त्या काचा खालच्या बाजूला जाड झाल्या आहेत. काच शेकडो वर्षांत हळूहळू खाली वाहते असे मी वाचले आहे. त्या जाडीवरून वाड्याचे वय काढता येईल का? बाटलीच्या बुडाला काच जाड आहे तीही वाहूनच साचली असेल का?

भट्टीकाका

नाही. घरातील तापमानाला काच वाहत नाही. जुन्या पद्धतीच्या तावदानाची जाडी मुळातच सारखी नसते आणि बसवणाऱ्याने जाड कड खाली ठेवली तर खालची बाजू जाड दिसते. तुमच्याच घरातील एखाद्या तावदानाची वरची किंवा बाजूची कड जाड सापडण्याची शक्यता आहे, ते पाहावे. बाटलीचे बूड जाड असते कारण फुंकताना तिथे जास्त काच शिल्लक राहते.

तुमच्या खिडक्यांच्या बाबतीत बुडबुडे बाटलीपेक्षा अधिक बोलके आहेत. सगळे बुडबुडे सरळ आणि एकमेकांना समांतर असतील तर काच लांब नळकांड्याच्या रूपात फुंकून, ते उभे चिरून आणि पसरून केलेली आहे. बुडबुडे कमानीसारखे वळत असतील तर काचेचा गोळा वेगाने फिरवून त्याची मोठी चकती केली आणि त्यातून तावदान कापले. वाड्याचे वय यावरून निघणार नाही, कारण तावदाने नंतर बदलली गेलेली असू शकतात.

भुसावळचा_प्रवासी

या धाग्यामुळे मला माझी बाटली आठवली. आमच्या रेल्वे वसाहतीत नळाची चारी खणताना औषधाची एक चौकोनी पांढरी बाटली निघाली होती. तिच्याही बुडावर मोठे वर्तुळ आहे, ते मध्यभागी नसून एका कडेला सरकलेले आहे. भुसावळला रेल्वे १८६० च्या दशकात आली, म्हणजे माझी बाटलीही त्याच वेळची आणि पाँटिलचीच समजायची ना? बाजूच्या दोन्ही रेघा स्पष्ट आहेत आणि नखाने तपासले तर त्या ओठाच्या माथ्यावरही लागतात.

भट्टीकाका

भाऊ, शेवटच्या वाक्यात तुम्ही स्वतःच उत्तर दिले आहे. रेघ ओठाच्या माथ्यावर आहे, म्हणजे ओठ हाताने घडवलेला नाही. आणि ओठ हाताने घडवायचा नसेल तर बाटली बुडाकडून सळईने धरण्याची गरजच पडत नाही. पाँटिल आणि माथ्यावरून जाणारी रेघ या दोन गोष्टी एकाच बाटलीवर सहसा एकत्र येत नाहीत.

तुमचे वर्तुळ वेगळ्या कारणाने आलेले आहे. अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांनी १९०३ च्या सुमारास जे पूर्ण स्वयंचलित यंत्र चालवले, त्यात साचा भट्टीतील काच निर्वाताने वर ओढून घेत असे आणि खालून पाते फिरून काचेची दोरी कापली जाई. त्या कापाची खूण बुडावर वर्तुळासारखी राहते, बहुधा मध्यापासून सरकलेली, आणि तिची कड पिसासारखी विस्कटलेली असते. बोट फिरवल्यावर ती जवळजवळ सपाट लागते. पाँटिलचा व्रण खरोखर खरखरीत असतो, काही वेळा बोटाला कापतो. तुमची बाटली विसाव्या शतकातील आहे. ज्या जमिनीत ती सापडली त्या वसाहतीचे वय बाटलीला देता येत नाही.

अंजनीकाठ

धरणगावच्या संदर्भात एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला आणि १८२५ मध्ये आउट्रम यांनी भिल्ल पलटण उभी केली, तिचे ठाणे धरणगावला होते. म्हणजे इंग्रज अधिकारी आणि त्यांच्या दारूच्या बाटल्या त्या काळात या गावात असणे अगदी स्वाभाविक आहे. काकांनी सांगितलेले १८२१ हे वर्ष आणि पलटणीचे १८२५ हे वर्ष जवळजवळ आहेत. बाटली पलटणीच्या एखाद्या साहेबाची असावी, असे चिठ्ठीत लिहायला हरकत नसावी.

सातपुडा_पायथा

काकांचे मानेतील रेघेविषयीचे स्पष्टीकरण मला पटले. परंतु इंग्लंडपर्यंत जाण्याची गरज आहे का, असा प्रश्न मनात येतो. तळेगाव दाभाडे येथे पैसाफंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये निघाला आणि ओगलेवाडीचा १९१६ मध्ये. तिथेही हातकाम होतेच. बाटली आपल्याकडचीच का नसावी?

भट्टीकाका

हा प्रश्न योग्य आहे आणि यातच या सर्व खुणांची मर्यादा आहे. खूण पद्धत सांगते. पद्धतीवरून वर्ष काढायचे तर ती पद्धत त्या ठिकाणी केव्हा होती हे ठाऊक असावे लागते. इंग्लंडमध्ये बाटलीचे अंग बाहेरून कवेत घेणारा पकडीचा चिमटा १८५० च्या दशकापासून रूढ होऊ लागला आणि नेहमीच्या बाटल्यांवरील पाँटिलची खूण पुढच्या दशकात विरळ झाली. म्हणून इंग्लिश बाटलीवर पाँटिल दिसली तर १८६० च्या दशकानंतरची शक्यता कमी होते. आपल्याकडे हातकाम पुष्कळ नंतरपर्यंत चालू होते आणि फुलदाण्या, पेले अशा वस्तूंना आजही बुडाकडून सळई लावली जाते. त्यामुळे इंग्लिश कोष्टक भारतीय काचेवर जसेच्या तसे ठेवले तर उत्तर चुकेल.

या बाटलीच्या बाबतीत मी इंग्लंडकडे, किंवा निदान युरोपकडे झुकतो, कारण पाँटिलच्या जोडीला खोल बूड, गडद जाड काच आणि खांद्याचा उंचवटा या तीन गोष्टी आहेत. हा सगळा संच दारूच्या बाटलीचा आहे. एकट्या पाँटिलवरून मी तसे म्हटले नसते.

अंजनीकाठ यांच्या माहितीबद्दल आभार, पण चिठ्ठीत साहेबाचे नाव आणू नये. रिकाम्या बाटल्या त्या काळी फेकल्या जात नसत. त्या विकल्या जात आणि तेल, काढा, शाई, रॉकेल यांसाठी पुन्हा पुन्हा वापरल्या जात. मुंबई बंदरात उतरलेली बाटली चाळीस वर्षांनी बाजारातून धरणगावला आली असेल, तरी तिच्यावरील एकही खूण बदलणार नाही.

बोरीकाठ

काका, तुम्ही सांगितले तसे सर्व करून पाहिले. दोऱ्याने मोजलेला घेर बुडाच्या थोडा वर २४.२ सेंमी, मध्यावर २४.५ आणि खांद्याच्या रेघेखाली २४.९ भरला. बुडातील वर्तुळात भिंगातून पांढरट, करडे कण काचेत रुतलेले स्पष्ट दिसतात. लालसर थर नाही.

ओठ वेगळा जोडल्यासारखा आहे. त्याच्या खालच्या कडेला नख अडकते आणि एका ठिकाणी काचेचा ओघळ मानेवर उतरून थांबलेला आहे. ओठाच्या लगेच खाली मानेभोवती अतिशय बारीक आडव्या रेषा आहेत.

खांद्यावर आडव्या प्रकाशात एक उभी रेघ सापडली. ती उंचवट्यापासून निघते आणि मानेच्या सुरुवातीला विरते. दुसऱ्या बाजूला मात्र तशी रेघ मला दिसली नाही. तिथे काच धुरकट झालेली आहे. एका रेघेवरून तीन भागांचा साचा म्हणता येईल का?

सातपुडा_पायथा

शंका राहू नये म्हणून एक विचारतो. अशा बाटल्यांच्या नकलाही होतात. वाळूचे कण आणि ओघळ आज कोणीही करू शकेल. बुडाची झीज कशी आहे?

बोरीकाठ

जमिनीला टेकते त्या कडेवरच झीज आहे. खळग्याच्या आतला भाग अजूनही चकचकीत आहे. ओरखडे सर्व दिशांना गेलेले आहेत, काही खोल तर काही अगदी पुसट.

भट्टीकाका

झीज तशीच असायला हवी. पॉलिश पेपरने घासून केलेल्या नकली झिजेत ओरखडे एका दिशेने, सारख्या खोलीचे असतात आणि जिथे बाटली टेकत नाही अशा जागीही दिसतात. त्यातही माळ्यावर कोठीमागे धुळीत पडलेली वस्तू नकली ठरवण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

घेर खालून वर क्रमाने वाढला आहे, त्यामुळे अंग एकसंध साच्यातील आहे हे माझ्या मते ठरले. ओठाचा ओघळ सांगतो की मान कापल्यावर तिच्याभोवती वेगळी गरम काच गुंडाळली आणि मग हत्याराने तिला आकार दिला. आडव्या रेषा त्या हत्याराच्या फिरण्याच्या आहेत. उभी रेघ मानेच्या सुरुवातीला विरते तीही त्याच तापवण्यामुळे.

एका रेघेवरून मात्र मी तीन भागांचा साचा म्हणणार नाही. फाळे दोन असतील तर सांधेही दोन हवेत. गरम काच खांद्याकडे वळताना एखादी सुरकुती पडते आणि तीही आडव्या प्रकाशात रेघेसारखीच भासते. तुम्ही खांद्याचा घेर दोऱ्याने मोजा, दोरा दुमडून निम्मा करा आणि सापडलेल्या रेघेपासून निम्म्या अंतरावर खडूने खूण करा. दुसरी रेघ असेल तर ती त्या खुणेच्या आसपासच असली पाहिजे. काच धुरकट आहे तिथे साध्या पाण्याने ओला केलेला मऊ कपडा फिरवून मगच पाहा. आम्ल किंवा घासणी वापरू नका, नाहीतर उरलीसुरली रेघही जाईल.

बोरीकाठ

तसे केले. खडूच्या खुणेपासून अगदी थोड्या अंतरावर एक तुटक रेघ आहे, तिची लांबी जेमतेम १ सेंमी. ती उंचवट्याला येऊन मिळत नाही, मध्ये जागा मोकळी आहे. ती सांध्याची रेघ की सुरकुती, हे मला ठरवता येत नाही. चिठ्ठीत सध्या असे लिहिले आहे : "अंग एकसंध साच्यात फुंकलेले, ओठ वेगळा जोडलेला, बुडावर वाळूच्या पाँटिलची खूण; बहुधा युरोपीय दारूची बाटली; १८६० च्या दशकानंतरची असण्याची शक्यता कमी." १८२१ हे वर्ष लिहिलेले नाही.

सातपुडा_पायथा

मला ती दुसरी रेघ सांध्याचीच वाटते. सुरकुती नेमकी समोर येण्याचा योग फारच दुर्मीळ आहे. मी १८२१ नंतरची असे लिहिले असते.

भट्टीकाका

मी अजून लिहिले नसते. दोन फाळे क्वचितच अचूक जुळून बसतात, म्हणून खऱ्या सांध्यावर रेघेच्या एका बाजूची काच दुसऱ्या बाजूपेक्षा केसभर उंच असते. सुरकुतीच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. ताई, दोन्ही रेघांवरून नख आडवे न्या, आधी डावीकडून उजवीकडे आणि मग उलट. एकाच दिशेने नख अडकत असेल तर तिथे पायरी आहे. पहिल्या, लांब रेघेवर हे आधी करून पाहा, म्हणजे तुटक रेघेवर काय जाणवायला हवे ते बोटाला कळेल.